परात, अर्धा लिटर पाणी आणि कणकेचा गोळा : तीन वर्षांच्या लेकराची दुपार

प्रश्न : आमचं लेकरू सव्वातीन वर्षांचं. लातूरला तिसऱ्या मजल्यावर, वर थेट स्लॅब, दोन खोल्यांचा फ्लॅट. दुपारी दोन ते साडेपाच बाहेर काढायची सोय नाही, इतकं ऊन. मी घरूनच काम करते, सासूबाई सोबत असतात. जेवण झालं की त्याला मोबाइल लागतोच, नाहीतर रडून घर डोक्यावर घेतं. खेळणी भरपूर आहेत, पण पाच मिनिटांत फेकून देतं. पाणी जपून वापरावं लागतं आणि अन्नाशी खेळलेलं सासूबाईंना चालत नाही. सकाळी आठला उठतं, रात्री झोपायला अकरा वाजतात. अशात दुपारभर एकट्याने रमेल असं काय द्यावं?

उत्तर : आधी झोपेचा हिशोब करू, कारण तुमच्या प्रश्नातला निम्मा गुंता तिथेच आहे. रात्री अकरा ते सकाळी आठ म्हणजे नऊ तास. तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप हवी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणजे तुमचं लेकरू कमीत कमी एक तासाने कमी पडतंय. दुपारी तीनच्या सुमाराला जे रडणं, फेकाफेकी आणि 'मोबाइलच पाहिजे' चालतं, त्यातला बराचसा भाग झोपेचा असतो, कंटाळ्याचा नसतो. मोबाइल हातात आला की ते गप्प होतं खरं, पण झोप पुढे ढकलली जाते आणि रात्रीचे अकरा वाजतात.

म्हणून जेवण साडेबाराला आणा आणि दीड वाजता अंधाऱ्या खोलीत आडवं करा. कूलरचा वारा थेट अंगावर नको. झोप लागली तर तीनपर्यंत झोपू द्या. उशिरा लागली तरी चारच्या पुढे मात्र झोपू देऊ नका, नाहीतर रात्र आणखी लांबते. झोप लागली नाही तरी पाऊण तास पडून राहायचं, उशाशी दोन-तीन चित्रांची पुस्तकं. मग भरायला उरतात तीन ते साडेपाच हे अडीच तास, आणि तेवढ्यासाठी वीस प्रकार लागत नाहीत. तीन पुरतात. पहिलं पाण्याचं काम, दुसरं कणकेचं, तिसरं भाजी निवडण्याचं. आज जे दिलं तेच उद्याही द्यायचं. रोज नवीन काहीतरी शोधत बसणारी आई आठवड्यात थकते, आणि लेकरालाही रोज नवीन नको असतं.

खेळणी फेकण्याचं कारण सरळ आहे. चावीची गाडी, बटण दाबलं की गाणारा हत्ती यांत लेकराला करण्यासारखं काही उरलेलंच नसतं, सगळं तो हत्तीच करतो. या वयाला हाताला काम लागतं : ओतायचं, पिळायचं, मोडायचं, पुसायचं, इकडचं तिकडे न्यायचं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी आसपास मिळणाऱ्या वस्तूंवरच भर दिला. तुमच्या स्वयंपाकघरात त्याहून जास्त सामान आहे.

पाण्याचं काम

ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या घरात 'पाण्यात खेळू द्या' म्हणणं वेड्यासारखं वाटेल. पण इथे लागतं फक्त अर्धा लिटर, आणि तेही वाया जात नाही.

जुनी सुती चादर चार पदरी घडी करून खाली अंथरा. फरशी ओली झाली की लेकरू घसरतं, चादर पाणी पिऊन घेते. चादरीवर घरातली सगळ्यात मोठी परात. परातीत दोन भांडी : एक चोच असलेलं लहान भांडं आणि एक वाटी किंवा पेला. शेजारी हातरुमालाएवढं एक फडकं. बस्स. पाचवी वस्तू ठेवू नका.

चोचीचं भांडं हवं, हे नुसतं सांगायचं म्हणून सांगत नाही. स्टीलच्या साध्या पेल्याची कड बाहेर वळवलेली, गोल असते. त्यातून हळू ओतलं की पाणी धार न धरता पेल्याच्या बाहेरच्या अंगाला चिकटून खाली ओघळतं. मोठ्या माणसाला हे सवयीने माहीत असतं, आपण झटका देऊन ओततो. लेकरू मात्र जपून, हळू ओततं, आणि जपून ओतलं म्हणूनच सांडतं. दोन-तीनदा असं झालं की ते चिडून पेलाच उपडा करतं, आणि घरची माणसं म्हणतात की याला खेळताच येत नाही. दोष पेल्याच्या कडेचा असतो. दूध ओतायचं चोचीचं छोटं भांडं किंवा स्वयंपाकात माप घ्यायचा प्लास्टिकचा मग चालतो. काचेचं नको. भांडं अर्धंच भरा. काठोकाठ भरलेलं भांडं जड होतं, मनगट वाकडं होतं आणि पहिल्याच झटक्यात सगळं बाहेर.

आता दाखवायचं कसं? तुम्ही त्याच्या शेजारी बसा, समोर नको. समोरून पाहिलं तर उजवं-डावं उलटं दिसतं. एकदाच, हळू, न बोलता करून दाखवा : भांडं धरलं, वाटीच्या काठाजवळ चोच नेली, ओतलं, थांबले, शेवटचा थेंब पडू दिला, भांडं खाली ठेवलं, सांडलेलं फडक्याने टिपलं. बोलत बोलत दाखवलं तर लेकरू तुमच्या तोंडाकडे बघतं, हाताकडे नाही. मग भांडं त्याच्यापुढे सरकवा आणि गप्प बसा. 'असं नाही, असं धर' हे वाक्य गिळून टाका. सांडलं की त्याला दिसतंच. फडकं त्यासाठीच ठेवलंय, आणि बरीचशी लेकरं ओतण्याइतकीच पुसण्यातही रमतात.

एकच पाणी ते वीस वेळा इकडून तिकडे ओतेल. ते कंटाळलंय असं समजून तिसऱ्यांदाच मध्ये काही नवीन घालू नका. तीन-चार दिवसांनी, धार वाटीत नेमकी पडू लागली आणि सांडणं जवळजवळ थांबलं, की पुढची पायरी : भांड्याऐवजी स्पंजचा तुकडा द्या. एका वाटीतलं पाणी स्पंजने शोषून दुसऱ्या वाटीत पिळायचं. यात बोटांना आणि तळव्याला चांगलीच मेहनत होते. त्यानंतर नरसाळं आणि बाटली. त्याच्याही पुढे औषधाचा स्वच्छ ड्रॉपर आणि बर्फाचा ट्रे, एकेका खणात दोन-दोन थेंब. ड्रॉपर दाबून ठेवायचा, बुडवायचा आणि मग सोडायचा, हा क्रम सव्वातिनाला सहसा लगेच जमत नाही. आठ दिवसांत नाही जमला तर बाजूला ठेवून महिन्याने काढा. एखाद्या दिवशी ते सगळं पाणी एका खोलगट भांड्यात घेऊन त्यात लिंबू आणि छोटा बटाटा टाका. लिंबू तरंगतं, बटाटा बुडतो. कारण सांगायची घाई नको, त्यालाच चमचा, डबीचं झाकण, रिकामी डबी टाकून बघू दे.

हे काम साधारण पंधरा ते पंचवीस मिनिटं चालतं. संपत आल्याची खूण म्हणजे पाणी हाताने उडवणं, पिणं किंवा परातीबाहेर मुद्दाम ओतणं. पहिल्यांदा झालं तर एकदा सांगा, 'पाणी परातीत राहतं.' दुसऱ्यांदा झालं की रागावू नका, ओरडू नका. 'पाणी झालं, आता तुळशीला घालू' म्हणून त्याच्याच हाताने भांडं कुंडीकडे न्या. पाणी कुंडीत किंवा फरशी पुसायला गेलं पाहिजे. बाल्कनीत उद्यासाठी उघडं ठेवू नका, साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात.

इथे एक गोष्ट ठामपणे. 'एकट्याने रमेल असं' हे पाण्याच्या कामाला लागू नाही. मोठं माणूस हात पोचेल एवढ्या अंतरावर हवंच, तिथेच बसून भाजी चिरली तरी चालेल. दाराची बेल वाजली तर लेकराला उचलून दार उघडायला जायचं. परातीतल्या अर्ध्या लिटर पाण्यापेक्षाही मोठा धोका तुमच्या न्हाणीघरात आहे. नळ रोज येत नाही म्हणून प्रत्येक घरात ड्रम, बादल्या, टब भरलेले असतात. या वयाच्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. ते वाकून बादलीत बघायला जातं, तोल जातो आणि परत वर येता येत नाही. बुडणाऱ्या लेकराचा आवाज होत नाही, बाहेर कुणाला कळत नाही. पाण्याची गोडी लागली की ते पाणी शोधत जाणारच. म्हणून हे काम सुरू करायच्या आधी न्हाणीघराच्या दाराला वरच्या बाजूला कडी लावून घ्या आणि ड्रमवर त्याला उचलता येणार नाही असं घट्ट झाकण ठेवा. परात कूलर आणि एक्स्टेन्शन बोर्डापासून लांब, शक्यतो दुसऱ्या खोलीत. ओल्या हाताने कूलरच्या पत्र्याला हात लावणं मोठ्यांनाही महागात पडतं.

कणकेचं काम, आणि सासूबाईंचं म्हणणं

सासूबाईंचं चुकत नाही. खाण्याच्या वस्तूची नासाडी लेकराला खेळ म्हणून शिकवू नये, हे बरोबरच आहे. त्यावरचा सोपा मार्ग असा, की नासाडी होऊच द्यायची नाही. संध्याकाळच्या पोळ्यांची कणीक पाचला मळत असाल तर साडेचारलाच मळा आणि लिंबाएवढा गोळा त्याला द्या. हात आधी साबणाने धुऊन. छोटं पोळपाट-लाटणं असेल तर उत्तम, नसेल तर ताट उपडं घाला आणि स्टीलचा उभा पेला लाटायला द्या. जे काही वेडंवाकडं होईल ते तव्यावर भाजून त्याच्याच ताटात वाढायचं. हा मग खेळ राहतच नाही, स्वयंपाक होतो. आजीने शेजारी बसून लाटायला शिकवावं, असंच हे काम आहे. तुमचीही तेवढ्यात एखादी मीटिंग होऊन जाईल.

पुन्हा पुन्हा वापरता येईल असा गोळा हवा असेल तर जुनं, चाळून बाजूला काढलेलं गव्हाचं पीठ घ्या : दोन वाट्या पीठ, अर्धी वाटी मीठ, चमचाभर तेल आणि साधारण पाऊण वाटी कोमट पाणी. मीठ आधी पिठात मिसळा आणि पाणी एकदम ओतू नका. पिठानुसार दोन-चार चमचे कमी-जास्त लागतं. पोळीच्या कणकेपेक्षा थोडा घट्ट ठेवा. रंग हवा असेल तर चिमूटभर हळद, पण हळदीचे डाग चादरीवर राहतात हे लक्षात असू द्या.

आपल्याकडे घरात ज्वारीचं पीठ जास्त असतं, म्हणून बऱ्याच जणी तेच वापरायला जातात आणि फसतात. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा धरणारा ग्लुटेन नसतो. गार पाण्यात भिजवलेल्या ज्वारीच्या गोळ्याचा लेकराने साप वळला की तो मध्येच तडकतो. उकळत्या पाण्यात उकड काढली तर गोळा धरतो, भाकरीला आपण तेच करतो. पण उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत तो लवकर सुकून भेगाळतो. लेकराला वाटतं आपण मोडलं. गहूच बरा.

उन्हाळ्यात गव्हाच्या गोळ्यालाही वरून पापुद्रा धरतो, म्हणून जेवढा लागेल तेवढाच बाहेर काढा आणि बाकीचा ओल्या फडक्याखाली झाका. काम झालं की घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये. चार-पाच दिवस टिकतो. दुसऱ्या दिवशी हाताला चिकटायला लागला तर घाबरू नका, मिठाने ओल सुटते. चमचाभर कोरडं पीठ घालून मळा. आंबट वास आला की मात्र टाकून द्या.

या गोळ्यात मीठ भरपूर असतं. जिभेला लागलं तर लेकरू थुंकून टाकतं, त्याने काही होत नाही. पण काही मुलं हट्टाने खातात आणि एवढं मीठ लहान शरीराला सोसत नाही. मोठा तुकडा गिळला आणि नंतर उलट्या, खूप तहान किंवा सुस्ती दिसली तर वाट न बघता डॉक्टरकडे न्या. तुमचं लेकरू अजून सर्रास तोंडात घालत असेल तर मिठाचा गोळा करूच नका, रोजच्या कणकेवरच भागवा.

सोबत द्यायच्या वस्तू दोनच : जुना कंगवा आणि बाटलीचं मोठं झाकण, शिक्के मारायला. आणि कृपा करून त्याला हत्ती करून दाखवू नका. तुमचा हत्ती छान होतो, त्याचा होत नाही, मग ते गोळा तुमच्या हातात देऊन 'हत्ती कर' म्हणत बसतं. तुमचे हात लागलेच तर फक्त गोळी वळा किंवा चपटं करा, म्हणजे त्यालाही जमेल असंच.

भाजी निवडणं, आणि धान्याबद्दल

गवार हे या वयाचं आवडतं काम ठरतं. टोक मोडताना 'कट्' असा आवाज येतो आणि मोडलेलं लगेच दिसतं. वीस-पंचवीस शेंगा पुरे, अख्खा पाव किलो पुढे ओतला तर बघूनच सोडून देईल. दोन वाट्या ठेवा, एक शेंगांना, एक टोकांना. मेथीची पानं खुडणं जरा अवघड, पण बोटांच्या चिमटीला चांगलं. अर्धी जुडी. देठं आली तर नंतर गुपचूप वेचा.

धान्य ओतायला देण्याचे व्हिडिओ सगळीकडे दिसतात. त्यात राजमा, हरभरे, शेंगदाणे, चिंचोके घेतात. ते देऊ नका. कडक, गोल दाणा श्वासनळीत अडकतो किंवा नाकात जातो. कडधान्य नाकातल्या ओलाव्याने फुगतं आणि आणखी घट्ट बसतं. नाकाच्या एकाच बाजूने घाण वासाचा शेंबूड येऊ लागला तर नाकात काहीतरी अडकलंय असं समजायचं. चिमटा, पिन, पाणी काही घालायचं नाही, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जायचं. धान्याचा मोह असेल तर वाटीभर ज्वारी, तीही समोर बसून. पण तुमच्या घरी पाणी आणि कणीक असताना त्याची गरज नाही.

अंग हलवणं

हाताचं काम आधी दिलं आणि अंगात रग तशीच असली तर परात उडणार. उठल्यावर पहिली वीस मिनिटं अंगाला द्या. गादीवर दोन पायांनी उड्या, खाली राहणाऱ्यांची दुपारची झोप मोडू नये म्हणून गादी लागतेच. एका खोलीतल्या सगळ्या उशा एकेक करून दुसऱ्या खोलीत नेऊन ढीग करायचा, आणि परत आणायच्या. जमिनीवर सुतळीची सरळ रेघ, तिच्यावरून चालायचं, जमू लागलं की हातात पाव तांब्या पाणी घेऊन. लंगडीचा आग्रह नको, एका पायावरचा तोल बहुतेकांना चौथ्या वर्षाच्या आसपास येतो.

पहिला आठवडा

भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना असो की जागतिक आरोग्य संघटना, या वयाला दिवसाकाठी जास्तीत जास्त एक तास स्क्रीन म्हणतात, कमी असेल तितकं बरं. बाबांशी किंवा मामाशी दहा मिनिटं व्हिडिओ कॉलवर बोलणं आणि एकट्याने व्हिडिओ बघणं यांत फरक आहे. कॉल बंद करायची गरज नाही.

मोबाइल हातातून काढून घेऊन मग परात आणली तर ती परात शिक्षा वाटते. उठायच्या आधीच चादर-परात मांडून ठेवा, मोबाइल कपाटात, चार्जरसकट, नजरेआड. घरातल्या दोघींनीही त्या वेळात त्याच्यासमोर मोबाइल बघायचा नाही, कामाचा फोन दुसऱ्या खोलीत घ्यायचा. सासूबाईंना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर रडणं ऐकून त्यांचा जीव कळवळतो आणि पदराआडून फोन निघतो.

पहिले तीन-चार दिवस रडणं वाढेल, कमी होणार नाही. वीस मिनिटं रडल्यावर मोबाइल दिला तर लेकरू एवढंच शिकतं की वीस मिनिटं रडावं लागतं, आणि उद्या पंचवीस मिनिटं रडतं. समजावण्याचं भाषण नको. जवळ बसा, मांडीवर यायचं असेल तर घ्या, आणि स्वतःच परातीत पाणी ओतायला लागा. बहुतेक वेळा पाण्याचा आवाज ऐकून ते सरकत येतं. आलं की तुम्ही भांडं खाली ठेवून हात मागे घ्या.

तुमच्या घरासाठी मांडायचं तर असं : तीनला उठणं, पाणी पिणं, शी-शू. सव्वातीनला उशांची वाहतूक. साडेतीन-पावणेचारला परात, सासूबाई शेजारी भाजी घेऊन. चारच्या सुमाराला ओले कपडे बदलून काही खाणं. सव्वाचारला त्याच भाजीतल्या गवारीच्या शेंगा, दहा मिनिटंच टिकेल, तेवढंच धरा. मग पंधरा-वीस मिनिटं काहीच द्यायचं नाही. ते खिडकीत उभं राहील, तुमच्या ओढणीत गुंडाळून घेईल, डब्यांची झाकणं काढेल, काढू दे. पावणेपाचला कणीक. साडेपाचला ऊन उतरलं की खाली किंवा गच्चीवर.

दुपारची झोप रुळली की आठ-दहा दिवसांत रात्रीची वेळही मागे येते का ते बघा. रोज पंधरा मिनिटं लवकर दिवा मालवा, सकाळी साडेसातला उठवा. एवढं करूनही ते दुपारी झोपत नसेल, दिवसभर ताजंतवानं असेल आणि रात्री आपणहून नऊलाच झोपत असेल, तर त्याला दुपारच्या झोपेची गरज नाही. मग दीडची वेळ पडून राहण्याचीच ठेवा आणि कणकेचं काम अर्धा तास आधी आणा.